शेकडा दोन म्हणजे वर्षाला किती? सावकाराचा दर बँकेच्या दराशी कसा ताडून पाहावा

इंदूरला सराफ्यात किंवा मल्हारगंजात उसने पैसे मागायला गेलात की दर एका वाक्यात सांगितला जातो : "दो रुपये सैकड़ा." घरी येऊन आपण तेच शेकडा दोन म्हणून सांगतो. बँकेत गेलात तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "चौदा टक्के." दोन आणि चौदा हे आकडे शेजारी ठेवले की दोन लहान दिसतो, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. सावकाराचा दर महिन्याचा असतो, बँकेचा वर्षाचा. शाळेत ज्याला द.सा.द.शे. म्हणत असू, तो दरसाल दरशेकडा दर बँक सांगते. सावकार सांगतो तो दरमहा दरशेकडा.

हिशेबासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा रामबागेतल्या एका काकूंचा पोळी-भाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे. मोठी शेगडी आणि फ्रिज घ्यायला त्यांना ५०,००० रुपये एका वर्षासाठी हवे आहेत. ओळखीच्या सेठजींनी शेकडा दोन सांगितले आहे.

पहिली पायरी : बाराने गुणा

शेकडा दोन म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये. वर्षाचे महिने बारा, म्हणून वर्षाला २४ टक्के. दीड असेल तर १८, अडीच असेल तर ३०, पाच असेल तर ६०. काही जण हेच पैशांत सांगतात, "दो पैसे का ब्याज", म्हणजे रुपयाला महिन्याला दोन पैसे. दर तोच, हिशेबही तोच.

उलट दिशेनेही करून पाहावे, कारण त्यामुळे अंदाज पक्का बसतो. बँकेच्या १४ टक्क्यांना बाराने भागले की १.१७ येतात, म्हणजे सावकाराच्या भाषेत शेकडा एक रुपया सतरा पैसे. आता दोनाशेजारी चौदा राहिला नाही, दोनाशेजारी सव्वा रुपयाहून थोडे कमी आले.

काकूंच्या ५०,००० वर शेकडा दोनने महिन्याचे व्याज १,००० रुपये. दर महिन्याला हजार रुपये देत राहिल्या आणि वर्षाअखेर मुद्दल ५०,००० एकरकमी परत केले, तर एकूण व्याज १२,००० आणि दर बरोबर २४ टक्के. बाराने गुणून मिळालेले उत्तर पूर्ण खरे ठरते ते फक्त याच एका प्रकारात : रक्कम पूर्ण हातात आली, व्याज तुमच्याकडे उरलेल्या मुद्दलावरच लागले, आणि ते महिना संपल्यावर वेळच्या वेळी दिले. यातले काहीही बदलले की खरा दर बहुधा चढतो.

दुसरी पायरी : हातात किती आले ते पाहा

पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेण्याची चाल जुनी आहे. चिठ्ठीवर ५०,००० लिहिले जातात, हातात ४९,००० येतात. मग व्याज १,००० पडले ते ४९,००० वर. भागाकार केला तर महिन्याला २.०४ टक्के, वर्षाला सुमारे २४.५. फरक अर्ध्या टक्क्याचा, तेवढ्यावरून भांडण करू नये.

वर्षाचे सगळे व्याज आधीच कापले, तर मात्र गोष्ट बदलते. हातात ३८,००० आले, वर्षाने ५०,००० परत द्यायचे. बारा हजार भागिले अडतीस हजार, म्हणजे ३१.६ टक्के. सावकार म्हणेल, दर तर शेकडा दोनच लावला. बोलायला खरे आहे, पण शेगडी आणि फ्रिज घ्यायला काकूंच्या हातात अडतीस हजारच आहेत. म्हणून भागाकार नेहमी हातात आलेल्या रकमेने करायचा, चिठ्ठीवरच्या रकमेने नाही. "लिखाई", दलाली, स्टॅम्पचा खर्च असे जे काही त्याच वेळी वजा होते, तेही हातातल्या रकमेतून वजाच धरायचे.

तिसरी पायरी : हप्ता असेल तर बाराच्या पाढ्यावर विसंबू नका

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

सेठजी म्हणाले, "भाभीजी, एकदम मुद्दल देणं जड जाईल, बारा हप्ते करून टाका." हिशेब असा मांडला जातो : मुद्दल ५०,०००, वर्षाचे व्याज १२,०००, एकूण ६२,०००. भागिले बारा, हप्ता ५,१६७. ऐकताना सोयीचे वाटते, आणि व्याजही तेच १२,००० दिसते. मग दर २४ टक्केच की!

तो २४ नाही. व्याज पूर्ण ५०,००० वर पूर्ण वर्षाचे लावले आहे, पण पूर्ण ५०,००० काकूंकडे फक्त पहिला महिना राहिले. दर हप्त्यात सेठजींच्याच हिशेबाने मुद्दलातले ४,१६७ रुपये परत जातात. सहा हप्त्यांनंतर मुद्दल २५,००० उरले, तरी सातव्या महिन्याचे व्याज हजारच. म्हणजे त्या महिन्यापुरता दर शेकडा चार झाला. बाराव्या महिन्यात मुद्दल उरते ४,१६७ आणि व्याज अजूनही हजार. त्या एका महिन्याचा दर शेकडा चोवीस पडला. वर्षाचा आकडा म्हणून जो सांगितला होता, तो शेवटच्या महिन्यात एकट्या महिन्याचा होऊन बसतो.

मग वर्षाचा खरा दर काढायचा कसा? कागदावरची ढोबळ रीत अशी. मुद्दल दरमहा सारखे कमी होत गेले, तर वर्षभरात सरासरीने किती रक्कम तुमच्याकडे राहिली ते काढा. बारा हप्त्यांसाठी मुद्दलाला १३ ने गुणून २४ ने भागायचे. ५०,००० चे २७,०८३ होतात. व्याज १२,००० भागिले २७,०८३, म्हणजे सुमारे ४४ टक्के. ही रीत थोडा जास्त आकडा देते, कारण खऱ्या हिशेबात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि मुद्दल जरा सावकाश उतरते. पण उभ्या उभ्या अंदाजाला ती पुरते.

नेमका आकडा हवा असेल तर फोनवर गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा आणि रिकाम्या चौकटीत हे टाका :

```
=RATE(12,-5167,50000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्ता तुमच्या खिशातून जातो म्हणून त्याच्या आधी उणे चिन्ह हवेच. ते विसरलात तर उत्तराऐवजी `#NUM!` दिसेल. शेवटचे `*12` विसरलात तर महिन्याचा दर दिसेल, साडेतीनच्या आसपास, आणि तो वर्षाचा समजून खूश होण्याची पाळी येईल. नीट टाकले तर ०.४१७ किंवा ४२% असे दिसते. खरा दर ४१.७ टक्के. शेकडा दोन म्हणून घेतलेले कर्ज हप्त्यांमुळे जवळजवळ शेकडा साडेतीनचे झाले.

आपल्याला कोणता हिशेब लावला जातोय हे ओळखायला एक प्रश्न पुरतो, आणि तो सेठजींच्या भाषेत विचारलेला बरा : "ब्याज पूरे पर लगेगा कि बाकी पर?" उत्तर "बाकी पर" आले तर हप्ता मागून पाहा. ५०,००० वर शेकडा दोन, उरलेल्या मुद्दलावर, बारा महिने, तर हप्ता ४,७२८ यायला हवा. ५,१६७ आला तर व्याज पूर्ण रकमेवर आहे, तोंडी काहीही सांगितलेले असो. महिन्याला ४३९ रुपयांचा फरक आहे, एखाद्या डब्याच्या आठवड्याच्या किराण्याएवढा.

हीच युक्ती फक्त सावकारच करतो असे नाही. दुचाकीच्या शोरूममध्ये "फ्लॅट १२ टक्के" ऐकलात, तर बारा महिन्यांच्या हप्त्यांत त्याचा खरा दर सुमारे २१.५ टक्के होतो. "फ्लॅट" शब्द ऐकला की वरचे सूत्र चालवायचे.

डायरीचा हिशेब

हातगाडीवाले आणि छोटे दुकानदार यांच्यात रोजच्या वसुलीचे कर्ज चालते, त्याला आपल्याकडे "डायरी" म्हणतात. नेहमीचा नमुना : दहा हजारांची डायरी, हातात नऊ हजार, रोज शंभर रुपये शंभर दिवस. घेणारा म्हणतो, दहा टक्के गेले. गेले खरे, पण शंभर दिवसांत, आणि रक्कम रोज घटत असताना. नऊ हजारांची सरासरी शिल्लक साडेचार हजार धरा. हजार भागिले साडेचार हजार, म्हणजे शंभर दिवसांत २२ टक्के. वर्षात असे ३.६५ वेळा शंभर दिवस येतात, म्हणून ढोबळ दर ८१. सूत्राने नेमका काढला तर ७८ च्या जवळ येतो :

```
=RATE(100,-100,9000)*365
```

चौथी पायरी : महिना कसा मोजतात ते विचारा

बँक व्याज दिवसांवर लावते. सावकाराकडे बहुधा महिना लागला की पूर्ण लागतो. चाळीस दिवसांनी पैसे परत केले तर दोन महिन्यांचे व्याज, म्हणजे शेकडा चार. चाळीस दिवसांसाठी चार टक्के म्हणजे वर्षाला साडेछत्तीस. म्हणून मुद्दल फेडायचे असेल तर तारीख उलटायच्या आधी फेडावे. दोन दिवस उशीर झाला की अख्खा महिना अंगावर येतो.

जुन्या चालीच्या वहीत तारखेऐवजी मिती असू शकते. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा मास मिळून ३५४ दिवस. शेकडा दोनचे २४ टक्के तीनशे चोपन्न दिवसांत वसूल झाले, म्हणजे पूर्ण वर्षाला २४.७ च्या आसपास. फरक लहान आहे. अधिक मास आला आणि त्याचेही व्याज धरले, तर त्या वर्षी तेरा महिने भरावे लागतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. मितीवर व्यवहार असेल तर अधिक मासाचे व्याज आहे की नाही, हे आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

त्याच चिठ्ठीवर आणखी एक गोष्ट लिहिलेली असावी : एखाद्या महिन्याचे व्याज थकले तर ते मुद्दलात मिळवणार का? मिळवणार असतील तर व्याजावर व्याज सुरू. शेकडा दोनला वर्षभर काहीच दिले नाही, तर ५०,००० चे ६२,००० होत नाहीत, ६३,४१२ होतात, दर २६.८. दर लहान असताना हा फरक सोसवतो. शेकडा पाचला ६० टक्क्यांचे जवळपास ८० होतात, आणि शेकडा दहाला १२० चे २१४. दर जितका मोठा, तितकी चक्रवाढ जास्त मारते, म्हणून मोठ्या दराला थकबाकीची अट सगळ्यांत आधी वाचावी.

मध्य प्रदेशात सावकारीला १९३४ चा साहूकार कायदा लागू आहे. त्यात सावकाराची नोंदणी आणि लेखी हिशेब ठेवणे या दोन्ही गोष्टी आहेत. तेव्हा चिठ्ठी, पावती आणि दर वेळी भरलेल्या रकमेची नोंद मागणे यात संकोचाचे काही नाही. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्पपेपर सही करून देऊ नये. रक्कम नंतर भरली जाणार असेल तर वर केलेला सगळा हिशेब निरर्थक ठरतो.

पाचवी पायरी : बँकेचा दरही सोलून पाहा

सावकाराचा दर कसून तपासायचा आणि बँकेचा जाहिरातीतला जसाच्या तसा धरायचा, ही तुलना खोटी आहे. समजा काकूंना बँकेने विनातारण कर्ज १४ टक्क्यांनी देऊ केले, बारा हप्ते. व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणून हप्ता ४,४८९ आणि वर्षाचे व्याज ३,८७२. पण प्रक्रिया शुल्क २ टक्के, म्हणजे १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८०. हातात ४८,८२० आले. सूत्र पुन्हा चालवा :

```
=RATE(12,-4489,48820)*12
```

उत्तर सुमारे १८.६ टक्के. जाहिरातीतले चौदा घरी येईपर्यंत साडेअठरा झाले. कर्ज लहान आणि मुदत थोडी, तेव्हा शुल्काचा चटका मोठा बसतो. तेच शुल्क तीन वर्षांवर पसरले असते तर एवढे जाणवले नसते. विमा गळ्यात मारला जात असेल तर त्याचा हप्ताही हातातल्या रकमेतून वजा करा.

बँकेच्या बाबतीत एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकांना आणि वित्त कंपन्यांना "की फॅक्ट स्टेटमेंट" द्यावे लागते. त्यात एपीआर नावाची ओळ असते. व्याजासोबत शुल्क, विमा वगैरे धरून वर्षाचा जो दर होतो तो तिथे टक्क्यांत छापलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि फक्त ती ओळ पाहा. तुमच्या सूत्राचे उत्तर आणि एपीआर जवळपास जुळायला हवेत. एपीआर बराच जास्त असेल तर एखादे शुल्क तुमच्या नजरेतून सुटले आहे.

आता काकूंची तुलना करता येते. सेठजींच्या हप्त्यांचा दर ४१.७, बँकेचा १८.६. रुपयांत पाहिले तर सेठजींकडे खर्च १२,०००, बँकेत व्याज आणि शुल्क मिळून ५,०५२. वर्षभरासाठी हवे असतील तर बँकेच्या रांगेत उभे राहण्याचे जवळजवळ सात हजार मिळतात.

थोड्या दिवसांसाठी हवे असतील तर

इथे दर एक सांगतो आणि रुपये दुसरेच. बँकेचे शुल्क कर्ज घेताच एकदम जाते, सावकाराचे व्याज महिन्याला उगवते. ५०,००० फक्त एका महिन्यासाठी हवे असतील तर सेठजींकडे १,००० लागतील. बँकेत शुल्क १,१८० आणि महिन्याचे व्याज सुमारे ५८३, मिळून १,७६३, शिवाय मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे शुल्क असेल तर ते वेगळे. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी २,००० विरुद्ध सुमारे २,३५०. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ३,००० विरुद्ध सुमारे २,९३०, म्हणजे पारडे बँकेकडे झुकले. (बँकेत हप्ते भरत गेल्याने व्याज याहून थोडे कमीच पडेल.) तेव्हा शेकडा दोनला, पूर्ण रक्कम हातात मिळत असेल, तर दोन-अडीच महिन्यांच्या आतल्या गरजेला सावकार महाग पडत नाही. शेकडा तीन असेल तर ही मुदत महिन्याभरावर येते, पाच असेल तर उरतच नाही.

आणि सेठजी सोने गहाण मागत असतील, तर हा अपवादही बहुधा टिकत नाही. तेच सोने बँकेत ठेवले आणि सोनेतारण कर्ज समजा वर्षाला १० टक्क्यांनी मिळाले, मूल्यांकन आणि प्रक्रियेचे मिळून ५०० रुपये लागले, तर पहिल्या महिन्याचा खर्च ४१७ अधिक ५००, म्हणजे ९१७ रुपये. सेठजींच्या हजाराहून पहिल्याच महिन्यात कमी, आणि दुसऱ्या महिन्यापासून ४१७ विरुद्ध १,०००. त्यामुळे बांगड्या सराफ्यात नेण्याआधी त्याच रस्त्यावरच्या बँकेत सोनेतारणाचा दर, शुल्क आणि व्याज दिवसांवर लागते का, एवढे विचारून यावे.